नाकात कापूस, मग आजोबा श्वास कसा घेणार?

अंत्यदर्शनाच्या गर्दीत आईच्या पाठीमागून डोकावणारं चार वर्षांचं पोर विचारतं, "आजोबांच्या नाकात कापूस का घातलाय? ते श्वास कसा घेणार?" आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावतात, कुणीतरी "अगं, त्याला आत ने आधी" म्हणतं आणि पोराची रवानगी शेजारच्या फ्लॅटमध्ये कार्टून बघायला होते. प्रश्न तिथेच राहतो. खरं तर त्या प्रश्नात भाबडेपणा कमी आणि तर्क जास्त आहे. श्वास नाकाने घेतात, नाक तर बंद केलंय, म्हणजे आजोबांची पंचाईत होणार. हिशेब बरोबर आहे. मेलेल्या माणसाला श्वास घ्यायचाच नसतो, एवढी एकच गोष्ट त्याला ठाऊक नाही आणि ती सांगायला त्या घरात त्या क्षणी कुणीही तयार नाही.

मरण म्हणजे काय ते आपल्याला नेमकं कधी कळलं, हे आपल्यापैकी कुणालाच आठवत नाही. त्यामुळे ती एकच अखंड गोष्ट आहे, कळली तर सगळी कळते नाहीतर काहीच कळत नाही, असं आपण धरून चालतो. मुलांशी बोलून ज्यांनी याचा अभ्यास केला त्यांना वेगळं दिसलं. या एका समजुतीत निदान चार वेगवेगळ्या समजुती आहेत आणि त्या मुलाला एकदम येत नाहीत. मेलेला परत येत नाही, ही एक. मेल्यावर शरीराचं सगळं काम थांबतं, भूक, थंडी, वेदना, भीती यातलं काही उरत नाही, ही दुसरी. जिवंत असलेलं सगळंच कधी ना कधी मरतं आणि त्यात आईबाबा आले, आपणही आलो, ही तिसरी. चौथी अशी की मरणाला शरीरातलं कारण लागतं. कुणी रागावलं, कुणाच्या मनात वाईट आलं म्हणून दुसरं कुणी मरत नाही. वरच्या पोराजवळ कदाचित पहिली समजूत आहे, दुसरी नाही.

मारिया नॅगी या हंगेरीतल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बुडापेस्ट आणि आसपासच्या तीन ते दहा वर्षांच्या ३७८ मुलांना मरणाविषयी बोलतं केलं. थोड्या मोठ्या मुलांकडून लिहून घेतलं, चित्रं काढून घेतली. १९४८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा लेख आजही या विषयात पहिल्यांदा वाचला जातो. पाच वर्षांच्या आतली मुलं त्यांना सांगत होती की मेलेला माणूस दुसरीकडे राहायला गेलाय, किंवा झोपल्यासारखा आहे. थोडं कमी, पण जगतोच आहे. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना मरण म्हणजे कुणीतरी इसम वाटायचा, रात्रीचा येऊन माणसं नेणारा, आणि चपळाई दाखवली तर ज्याच्या हातून निसटता येतं असा. नऊच्या पुढच्या मुलांना मरण शरीराच्या आतून येतं आणि सगळ्यांनाच येतं, हे उमगलेलं होतं.

हा मधला इसम पुढच्या अभ्यासकांना इतर देशांत तितक्या ठळकपणे भेटला नाही. आपल्याकडच्या मुलांना मात्र तो कल्पावाही लागत नाही. रेड्यावर बसलेला यम टीव्हीवर आयता भेटतो. वटपौर्णिमेला सावित्रीची गोष्ट ऐकलेली सहा वर्षांची मुलगी घरात मृत्यू झाल्यावर विचारू शकते, "मग आजीने आजोबांना परत का नाही मागून घेतलं?" आजीच्या तोंडावर हा प्रश्न आला तर सगळ्यांना कसंनुसं होतं, पण मुलीचं काही चुकलेलं नाही. तिला गोष्टीत दिलेला नियमच ती लावते आहे.

वयाचे आकडेही नंतर थोडे खाली आले. मार्क स्पीस आणि सँडर ब्रेंट या दोघांनी तोवर झालेले अभ्यास एकत्र तपासून १९८४ साली दाखवलं की परत न येणं, शरीराचं थांबणं आणि सगळ्यांचं मरणं या तिन्ही गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात या वयात कळतात. अर्थात हे सरासरीचं बोलणं झालं. घरात मृत्यू पाहिलेलं, गोठ्यात वासरू मेलेलं पाहिलेलं मूल पुढे असू शकतं. आठ वर्षांचं हुशार मूल परक्यांच्या बाबतीत सगळं बरोबर सांगेल, पण "आई मरेल का?" म्हटल्यावर ठामपणे नाही म्हणेल.

हे चार भाग लक्षात घेतले की मायेपोटी सांगितलेल्या आपल्या थापांचं काय होतं ते नीट दिसतं. प्रत्येक थाप या चारांपैकी एका समजुतीच्या आड येते. "आजोबा झोपलेत" म्हटलं की शरीर थांबलंय हे कळायची वाट बंद होते आणि रात्री दिवा घालवायची वेळ आली की मूल हट्टाने जागं राहतं, किंवा बाबांचा डोळा लागला की त्यांना हलवून उठवतं. "गावाला गेलेत" म्हटलं की परत न येणं कळत नाही. शिवाय आजोबा न सांगता निघून गेले, फोनसुद्धा करत नाहीत, असा राग त्यात येतो. पुढच्या महिन्यात बाबा खरोखरच कामासाठी नागपूरला निघाले की पोरगं त्यांच्या पायाला मिठी मारून आकांत करतं आणि घरच्यांना कारण कळत नाही. "देवाला आवडले म्हणून त्याने नेलं" हे तर कारणच बिघडवतं. चांगल्या माणसांना देव नेतो असा त्याचा अर्थ होतो, आणि मग आई चांगली आहे त्याचं काय करायचं? "आजारी होते म्हणून" हे खरं असलं तरी अर्धं आहे. आठवड्याने त्याच मुलाला ताप आला की त्याच्या डोक्यात काय चालेल याचा विचार ते वाक्य बोलताना कुणी केलेला नसतो.

यावर एक दाखला मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेतल्या 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या टीव्ही मालिकेत १९६९ पासून मिस्टर हूपर नावाचे एक दुकानदार होते. ही भूमिका करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. (याच मालिकेची भारतीय आवृत्ती 'गली गली सिम सिम' २००६ पासून आपल्याकडे आली.) हूपर दुसऱ्या गावी राहायला गेले असं सांगून मोकळं होणं निर्मात्यांना सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही. मुलांच्या मानसशास्त्राच्या जाणकारांशी बोलून त्यांनी एक भाग लिहून घेतला आणि २४ नोव्हेंबर १९८३ रोजी, म्हणजे अमेरिकेत सुट्टीमुळे आईवडील घरात असतील अशा दिवशी, दाखवला. मालिकेतला बिग बर्ड हा उंच पिवळा पक्षी म्हणजे मनाने लहान मूलच. तो सगळ्यांची चित्रं काढून वाटतो आणि हूपरांचं चित्र त्यांना द्यायला निघतो. मोठी माणसं त्याला ते मेल्याची आठवण करून देतात. ठीक आहे, परत आले की देईन, असं तो म्हणतो. मग त्याला शांतपणे, स्पष्ट शब्दांत सांगितलं जातं की ते परत येणार नाहीत, मेलेली माणसं परत येत नाहीत. पक्ष्याला पडलेला पुढचा प्रश्न तत्त्वज्ञानाचा नाही. आता माझं खाणं कोण करून देणार, गोष्टी कोण सांगणार, हा त्याचा प्रश्न आहे. त्याला उत्तर मिळतं की दुकान आता दुसरा एक जण चालवणार आहे आणि तुझं खाणं तोच करून देईल. शेवटी तो विचारतो की हे असंच का व्हायचं. त्यावर मोठ्यांकडे उत्तर नसतं, आणि आपल्याकडे उत्तर नाही हे ते लपवत नाहीत.

या छोट्या प्रसंगात मुलांना मरण कसं सांगावं यातलं जवळजवळ सगळं आलंय. मेले हा शब्द स्पष्ट वापरला आहे. एकदा सांगून भागत नाही, तेच पुन्हा सांगावं लागतं, हे त्यात गृहीत धरलंय. माझं कोण करणार, या प्रश्नाला सांत्वनाऐवजी ठोस व्यवस्था सांगितली आहे. मोठी माणसं मुलासमोर डोळे पुसतात. दोन गोष्टी मात्र त्यांनी जाणूनबुजून बाजूला ठेवल्या, एक म्हणजे मृत्यूचं कारण आणि दुसरी म्हणजे धर्म. टीव्हीवरच्या मालिकेला ते जमतं. आपल्या घरात तेरा दिवस भटजी येणार, पिंड ठेवले जाणार, कावळ्याची वाट बघितली जाणार. तिथे या दोन्ही गोष्टी टाळून चालत नाही.

असं एक घर डोळ्यांसमोर आणा. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. रात्री आजोबांना हृदयविकाराचा झटका आला, दवाखान्यात नेलं, पहाटे ते वारले. बाबा तिकडे कागदपत्रांत अडकलेत, आई घरी आहे. सात वाजता फोन सुरू होतील आणि मुलं आईचं अर्धं बोलणं ऐकतील. तेव्हा सांगायचं ते त्याआधी, आईनेच, आजीला धीर द्यायला आलेल्या काकूने नव्हे. "एक खूप वाईट गोष्ट झालीय. काल रात्री आजोबा वारले. वारले म्हणजे मेले. त्यांचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी ते पुन्हा चालू करायचा खूप प्रयत्न केला, पण झालं नाही." एवढंच बोलायचं आणि थांबायचं. आपल्या वडीलधाऱ्या माणसाविषयी मेले म्हणायला जीभ रेटत नाही हे खरं आहे. पण 'गेले' म्हटलं की चार वर्षांचं मूल "कुठे?" विचारणार, आणि 'वारले' त्याने कधी ऐकलेलं नाही. 'मेलं' त्याला माहीत आहे. परवाच बाथरूममध्ये झुरळ मेलं होतं. म्हणून आदराचा शब्द आधी आणि त्याचा अर्थ लगेच मागोमाग, हा मार्ग मला योग्य वाटतो.

मुलगा कदाचित म्हणेल, "मग उद्या येतील?" आणि नाही म्हटल्यावर, "मला बिस्कीट दे." आईला धक्का बसतो. एवढे लाडके आजोबा आणि याला काहीच कसं वाटत नाही? त्याला वाटतंय, पण या वयात दुःख सलग धरून ठेवता येत नाही. दोन मिनिटं रडायचं, मग गाड्या खेळायच्या, मग जेवताना अचानक रिकाम्या खुर्चीकडे बघून विचारायचं, असं ते तुकड्यातुकड्यांनी चालतं. पुढचे काही आठवडे तो "आजोबा कधी येणार?" हा प्रश्न वीस वेळा विचारेल, प्रत्येक वेळी उत्तर तेच द्यायचं, त्याच शब्दांत. तो तेच उत्तर पुन्हा मिळतंय का हे तपासत असतो. मोठ्यांनी कंटाळून मध्येच "येतील हं" म्हटलं की सगळी मेहनत वाया.

हृदय बंद पडलं म्हणजे काय हे त्याला कळावं म्हणून त्याचा हात त्याच्याच छातीवर ठेवावा. धावून आल्यावर धडधड मोठी लागते, ते दाखवावं. हे चालू आहे म्हणून आपण खातो, हसतो, आपल्याला लागतं, दुखतं. आजोबांचं थांबलं. ऑस्ट्रेलियात व्हर्जिनिया स्लॉटर आणि मिशेल लायन्स यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शाळेत जायच्या आधीच्या वयाच्या मुलांना मरणाबद्दल न शिकवता हृदय, फुप्फुसं, पोट शरीराला जिवंत कसं ठेवतात एवढंच शिकवलं. त्यानंतर त्या मुलांची मरणाची समज सुधारली. जगणं शरीराच्या कामावर चालतं हे कळलं की ते काम थांबणं कळायला वेळ लागत नाही. यात घरच्यांच्या सोयीचीही एक बाब आहे: हे शिक्षण घरात कुणी मेलेलं नसताना, जिन्यात पडलेली पाल किंवा सुकलेलं तुळशीचं रोप दाखवून, निवांत देता येतं.

नऊ वर्षांच्या मुलीचं वेगळं असतं. तिच्याकडे चारही समजुती आहेत. ती गप्प बसेल, मग विचारेल, "अँब्युलन्स लवकर आली असती तर?" आणि जे विचारणार नाही ते असं असेल: काल संध्याकाळी टीव्हीच्या रिमोटवरून मी त्यांच्याशी भांडले, "जा तुम्ही तिकडे" म्हणाले. मी बोलल्यामुळे असं झालं, ही शंका मोठ्या मुलांनाही येते, आणि ती सहसा तोंडाने बाहेर येत नाही. म्हणून विचारायची वाट न बघता सांगून टाकावं की बोलल्यामुळे, रागावल्यामुळे, कुणी काही विसरल्यामुळे त्यांचं हृदय बंद पडलं नाही. त्यांच्या हृदयाच्या नळ्या बऱ्याच वर्षांपासून अरुंद होत चालल्या होत्या. चार वर्षांच्या मुलालाही हे सांगावंच, कारण त्याच्या लेखी इच्छा आणि घटना यांच्यात अंतरच नसतं.

आता अंत्यदर्शन. विल्यम वॉर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी बॉस्टनच्या परिसरात आई किंवा वडील गमावलेल्या ७० कुटुंबांतल्या १२५ मुलांचा दोन वर्षं पाठपुरावा केला होता. अंत्यविधीला मुलांना न्यावं की नाही याचं त्यांच्या कामातून निघालेलं उत्तर हो किंवा नाही असं सरळ नाही: मुलाला काय दिसणार हे आधी सांगावं आणि मग यायचं का हे त्याला विचारावं. तयारी न करता नेलेलं मूल घाबरतं, आणि जबरदस्तीने लांब ठेवलेल्या मुलाला पुढे आपल्याला वगळल्याचं वाटत राहतं. आपल्या घरात ही तयारी म्हणजे असं काहीसं: आजोबांना जमिनीवर झोपवल्यासारखं ठेवलं असेल, पण ते झोपलेले नाहीत. अंग गार लागेल. नाकात कापूस असेल, कारण आता श्वास चालत नाही. तोंडात तुळशीचं पान ठेवतील, लोक पाया पडतील, आत्या मोठ्याने रडेल आणि ते चालतं, तुलाही रडू आलं तर रड. मग त्यांना बांबूच्या तिरडीवर ठेवून नेतील. "बघायचंय का? नको वाटलं तर मामाबरोबर वरच्या खोलीत जा." हा मामा आधी ठरवलेला हवा. तो दिवसभर मुलासाठीच असेल, खांदा द्यायला जाणार नाही.

इथेच घरोघरी चुकणारी एक बाब सांगितली पाहिजे. दहनाविषयी मुलाला बहुधा चुलत भावंडांकडून कळतं, "त्यांना जाळलं!" अशा शब्दांत. शरीराला आता काही लागत नाही, हा दुसरा भाग पक्का नसेल तर हे ऐकणं भयंकर आहे, कारण त्याच्या मनातले आजोबा आगीत जिवंत आहेत. म्हणून क्रम पाळायचा. आधी कित्येकदा हे सांगायचं की आजोबांच्या शरीराला आता थंडी वाजत नाही, टोचत नाही, चटका बसत नाही. ते मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की मग अग्नीचं. सांगताना 'आजोबांना' न म्हणता 'आजोबांच्या शरीराला' म्हणावं. "दुखलं का त्यांना?" असं त्याने तरीही विचारलं तर समजायचं की दुसरा भाग अजून कच्चा आहे, पुन्हा मागे जायचं. अस्थींचा कलश घरी येतो तेव्हाही हेच: शरीर जळून उरलेली हाडं आणि राख, ती नदीत सोडणार. मुलं हे बऱ्याच मोठ्यांपेक्षा शांतपणे ऐकतात.

दहाव्याला पिंडाभोवती माणसं ताटकळतात, कावळा येत नाही, कुणीतरी "नातवाला सांभाळीन म्हणा" असं पुटपुटतं आणि कावळा शिवतो. मुलगा विचारतो, "आजोबा कावळा झाले?" आता दहा दिवस शरीर थांबलं, शरीर थांबलं म्हणणाऱ्या आईने काय सांगावं? विज्ञानवादी घरात "सगळं खोटं असतं" म्हणतात, श्रद्धाळू घरात "हो" म्हणतात. मला दोन्ही उत्तरं घाईची वाटतात.

पॉल हॅरिस आणि मार्ता हिमेनेस यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास इथे उपयोगी पडतो. स्पेनमधल्या सात आणि अकरा वर्षांच्या मुलांना त्यांनी आजी किंवा आजोबांच्या मरणाच्या दोन गोष्टी सांगितल्या. एका गोष्टीत डॉक्टर येऊन सांगतो की ते मेले, दुसरीत धर्मगुरू येऊन सांगतो की ते आता देवाजवळ आहेत. मग विचारलं, आता डोळे चालतात का, मन चालतं का? डॉक्टरच्या गोष्टीनंतर मुलं जास्त करून म्हणाली की सगळं थांबलं. धर्मगुरूच्या गोष्टीनंतर तीच मुलं म्हणाली की काहीतरी चालू आहे, विशेषतः मन. आणि गंमत अशी की हे दुसरं उत्तर लहान मुलांपेक्षा अकरा वर्षांच्या मुलांनी अधिक दिलं. म्हणजे मरणानंतर काही उरतं ही कल्पना बालिश गैरसमजातून आलेली नाही. शरीराचं थांबणं नीट कळल्यावर मूल ती आपल्या माणसांकडून शिकतं आणि दोन्ही गोष्टी मनात शेजारीशेजारी ठेवतं. आपण मोठे तरी वेगळं काय करतो? मृत्यूच्या दाखल्यासाठी महापालिकेत अर्ज देणारा माणूस सर्वपित्री अमावास्येला पान वाढून गच्चीवर ठेवतोच.

म्हणून माझं मत असं आहे की 'देवाघरी गेले' हे वाक्य घरात खरोखर श्रद्धा असेल तर जरूर सांगावं, पण दुसरं. पहिलं वाक्य शरीराचं. आणि सांगताना ते कुणाचं मानणं आहे हे त्यात असावं: "आजोबांचं शरीर आता नाही. आजी मानते की त्यांचा आत्मा आपल्याला बघायला येतो, म्हणून आपण कावळ्याला जेवण ठेवतो. मला नक्की माहीत नाही, पण मला त्यांची आठवण येते म्हणून मीही ठेवते." चार वर्षांच्या मुलाला यातलं अर्धंच कळेल. ते चालतं, कारण यात नंतर मागे घ्यावं लागेल असं काही नाही. आकाशातली चांदणी झाले हे मात्र घरात कुणीच मानत नसेल तर सांगू नये. सातव्या वर्षी शाळेत तारे म्हणजे काय ते शिकवतात, आणि मग मुलाला आजोबांबरोबर आईच्या शब्दावरचा विश्वासही गमवावा लागतो.

एखाद्या रात्री अंथरुणात तिसरा भाग येतोच. "आई, तू पण मरशील?" कधीच नाही, हे उत्तर ओठांवर येतं, पण ते देऊ नये. "सगळेच कधीतरी मरतात. बहुतेक माणसं खूप म्हातारी झाल्यावर मरतात. मी अजून खूप वर्षं तुझ्याबरोबर असेन असं मला वाटतं." आणि मागोमाग व्यवस्था: "मला काही झालंच तर बाबा आहेत, आजी आहे, मावशी आहे, तुला एकटं कुणी ठेवणार नाही." बिग बर्डला आपलं खाणं कोण करणार हे कळायला हवं होतं, या मुलालाही तेच कळायला हवं असतं.

तेराव्याला गोडाचं जेवण झालं, पाहुणे गेले, की घरातला विषय संपतो. मुलाचा संपत नाही, आणि दुःख वयाबरोबर कसं बदलतं हे बघायचं तर इथून पुढे बघावं लागतं. चार वर्षांच्या मुलाने आजोबांचं न येणं गमावलं होतं: संध्याकाळी बागेत नेणारा हात. सातव्या वर्षी त्याला शरीराचे प्रश्न पडतील, हाडं कशी उरली, नळ्या कशा अरुंद झाल्या, आणि माझ्याही होतील का. दहाव्या वर्षी आजोबांचा चेहरा आपल्याला नीट आठवत नाही याचं त्याला वाईट वाटू लागेल. पंधराव्या वर्षी त्याला ते माणूस म्हणून हवे असतील, कुठे नोकरी केली, बाबांशी त्यांचं पटायचं का, हे विचारायला. प्रत्येक टप्प्यावर तो मृत्यू त्याला थोडा नव्याने घडतो. आई किंवा वडील गेले असतील तर हे फार खोल जातं: दहावीचा निकाल, पहिला पगार, लग्न, स्वतःचं मूल, आणि ज्या वयात वडील गेले त्या वयाला आपण पोचतो ते वर्ष. बॉस्टनच्या त्या अभ्यासात साधारण पाचात एका मुलाला दोन वर्षांनंतरही गंभीर त्रास होता, आणि काहींचा त्रास तर पहिल्या वर्षी दिसलाच नव्हता. वर्षश्राद्ध झालं म्हणजे मुलगा सावरला, हा हिशेब म्हणूनच खरा नाही. याच अभ्यासात असंही दिसलं की बहुतेक मुलं मेलेल्या आईशी किंवा वडिलांशी मनातल्या मनात बोलत होती, त्यांची एखादी वस्तू जपत होती. हे विसरता न येणं काही आजार नव्हे. आजोबांचं घड्याळ नातवाला द्यावं, कपाटात बंद करू नये.

किशोरवयीन मुलांविषयी एकच सांगतो. वडील गेल्यावर तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला पाहुणे म्हणतात, "आता तूच घरातला कर्ता." त्याला सगळं कळत असतं, म्हणूनच तो त्या दिवसापासून रडायचं बंद करतो. हे वाक्य घरातून हद्दपार करावं.

साध्या दुःखात आणि मदत लागणाऱ्या दुःखात फरक ओळखता येतो. चार वर्षांचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, चिकटू लागलं, तर काही आठवडे ते चालायचंच. कित्येक महिने झोप आणि खाणं रुळावर येत नसेल, शाळा आणि मित्र सुटत असतील, माझ्यामुळेच झालं हे मूल सोडत नसेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. "मला आजोबांकडे जायचंय" हे चार वर्षांच्या तोंडी बहुधा भेटीची इच्छा असते. बारा वर्षांच्या मुलाने म्हटलं तर त्याच दिवशी त्याच्याजवळ बसून स्पष्ट विचारावं की मरावंसं वाटतंय का. विचारल्याने ती कल्पना त्याच्या डोक्यात शिरत नाही. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आणि तीन-चार वर्षांनी, सगळं मागे पडलं असं वाटत असताना, मूल गाडीत किंवा जेवताना मध्येच विचारेल, "आजोबा नक्की कशाने मेले?" तेव्हा "तुला सांगितलं होतं ना" म्हणू नका. सांगितलं होतं ते चार वर्षांच्या मुलाला. आता समोर आठ वर्षांचं मूल आहे, त्याला त्याच्या वयाचं उत्तर पहिल्यापासून द्या.